स्लाइड्स असताना बोर्डावर काय काढावं?

प्रश्न: मला टीमसमोर आणि वरिष्ठांसमोर नेहमी स्लाइड्स घेऊन बोलावं लागतं. खोलीत व्हाइटबोर्डही असतो आणि फ्लिप चार्टही, पण त्यांचा नेमका उपयोग कधी करायचा ते कळत नाही. कोणती गोष्ट लोकांसमोर काढावी आणि कोणती स्लाइडवरच ठेवावी? काढायला गेलं की पाठ फिरते, वेळ जातो, आणि माझं चित्र वेडंवाकडं येतं.

उत्तर: ज्या चित्राचा अर्थ ते कोणत्या क्रमाने तयार होतं यात आहे, ते समोर काढा. पूर्ण झालेलं चित्र एकदम दाखवूनही काही गमावत नसेल, तर ते स्लाइडवर ठेवा. बाकीचे सगळे निकष यातूनच निघतात. चित्र सुंदर येतं की नाही याचा या निवडीशी फारसा संबंध नाही.

या बाबतीत एक अभ्यास उपयोगी आहे. फिओरेला आणि मेयर या दोघांनी २०१६ मध्ये डॉप्लर परिणामावरचा एक छोटा व्हिडिओ पाठ दोन प्रकारे दाखवून पाहिला. बोलणं तेच होतं, पण काहींना आकृत्या आधीच काढलेल्या दिसल्या आणि काहींना शिकवणारा त्या काढताना दिसला. पहिल्या प्रयोगात, समजलेलं नव्या उदाहरणाला लावून पाहण्याच्या चाचणीत काढताना पाहणाऱ्यांना फायदा झाला, पण तो विषयाची फारशी माहिती नसलेल्यांनाच. ज्यांना विषय आधीपासून ठाऊक होता त्यांना तो झाला नाही. पुढच्या एका प्रयोगात आकृती तशीच टप्प्याटप्प्याने उमटत होती, पण काढणारा हात दिसत नव्हता. तिथे फायदा ठळकपणे दिसला नाही. यातून कामाच्या दोन गोष्टी हाती लागतात. समोरचे लोक त्या विषयात मुरलेले असतील तर त्यांच्यासमोर मूळ आकृती रेघ-रेघ काढत बसू नका, ती स्लाइडवर दाखवून पुढे जा. आणि स्लाइडमधली आकृती ॲनिमेशनने तुकड्या-तुकड्यांनी आणली म्हणजे बोर्डाचं काम झालं असं धरू नका.

निवड कशी करायची

स्लाइड्स तयार झाल्या की त्या एकदा पुढे-मागे करून पाहा. जिथे तुम्हाला "आता इथे लक्ष द्या, मग हे, मग ते" असं तीनदा म्हणावं लागणार आहे, तिथे थांबा. ती स्लाइड बोर्डावर जाण्याच्या लायकीची असू शकते. मग तिला काही प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: समोरच्यांनी पुढची रेघ कुठे जाईल याचा अंदाज बांधावा असं तुम्हाला वाटतं का? स्लाइडवर उत्तर आधीच छापलेलं असतं. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा लोकांचे डोळे उत्तरावर जाऊन आलेले असतात. बोर्डावर उत्तर अजून नसतंच, म्हणून अंदाज खरा असतो. चुकलेला अंदाज आणि नंतर पडलेला खरा बिंदू यांतलं अंतर हेच पुष्कळदा तुमचं म्हणणं असतं.

दुसरा प्रश्न: चित्राचा एखादा भाग त्या खोलीतच ठरणार आहे का? मर्यादा कुठे आखायची, कोणतं काम आधी घ्यायचं, दोन गटांतली सीमा कुठून जाते, अशा गोष्टी स्लाइडवर आधी छापल्या की लोकांना निर्णय होऊन गेलेला दिसतो. ते मान डोलावतात किंवा आडून विरोध करतात, पण ठरवत नाहीत.

तिसरा प्रश्न: हे चित्र पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा लागणार आहे का? स्लाइडची ही मोठी अडचण आहे की पुढची आली की आधीची गेली. फ्लिप चार्टचा कागद मात्र तिथेच राहतो. ज्या आकृतीकडे तुम्हाला पुढच्या चार स्लाइड्सभर बोट दाखवायचं आहे ती कागदावर असलेली बरी. माझ्या मते फ्लिप चार्टचा हाच सर्वांत दुर्लक्षित उपयोग आहे.

चौथा प्रश्न उलट बाजूचा आहे: यात अचूकपणा किती लागतो? प्रत्यक्ष नोंदींचे आकडे, मोठी कोष्टकं, नकाशे, छायाचित्रं, स्क्रीनचे नमुने, नियमाचा शब्दशः मजकूर, कोड हे सगळं स्लाइडवरच. हाताने काढलेल्या आलेखावर लोक "अंदाजे असं" म्हणून विश्वास ठेवतात, "नेमकं इतकं" म्हणून नाही. वरिष्ठांसमोर मागच्या वर्षाचे आकडे मार्करने लिहिले की पहिला प्रश्न आकड्यांच्या खरेपणावरच येतो.

आणि शेवटी साधी वेळेची चाचणी. घरी कागदावर चित्र काढा, घड्याळ लावा, तोंडाने बोलत काढा. बोलणं वगळून नुसतं काढायला दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर तो भार तुम्हाला झेपणार नाही. त्यातला न बदलणारा भाग, म्हणजे अक्ष, चौकटी, शीर्षक, आधी काढून ठेवा आणि विचार जिथे घडतो तेवढाच भाग समोर काढा.

हे प्रश्न लावून पाहिले की बहुतेक अर्ध्या तासाच्या सादरीकरणात समोर काढण्यासारखी एकच गोष्ट निघते, फार तर दोन. त्याहून जास्त निघाल्या तर तुम्ही स्वतःशी जरा सैल वागलात असं समजा.

एक उदाहरण पूर्ण मांडून

समजा, तुमच्या टीममध्ये फाइली तपासणारी एकच व्यक्ती आहे. एका फाइलला सरासरी १० मिनिटं लागतात. फाइली ठरलेल्या अंतराने येत नाहीत, कधी एकदम तीन, कधी तासभर एकही नाही, आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमी-जास्त असतो. वरिष्ठांचं म्हणणं असं, की ही व्यक्ती ८० टक्के वेळच कामात असते, ते प्रमाण ९५ टक्क्यांवर नेऊ या. तुम्हाला दाखवायचं आहे की त्यामुळे रांग भलतीच लांबेल.

रांगेच्या सर्वांत साध्या गणिती नमुन्यात सरासरी थांबण्याचा वेळ असा निघतो:

```
थांबणे = कामाचा वेळ × व्यस्तता ÷ (१ − व्यस्तता)
```

व्यस्तता ५० टक्के असेल तर १० मिनिटं थांबावं लागतं, ८० टक्क्यांना ४०, ९० टक्क्यांना ९०, आणि ९५ टक्क्यांना १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांहून जास्त. कामात पडणारी भर मात्र किती? ८० टक्क्यांना तासाला ४.८ फाइली होतात आणि ९५ टक्क्यांना ५.७. तासाला एक पूर्ण फाइलही वाढत नाही.

हे स्लाइडवर टाकलं तर लोक वर चढलेली एक रेघ पाहतात आणि "हो, वाढतंय" म्हणतात. वाढ किती अनपेक्षित आहे ते त्यांना जाणवत नाही, कारण त्यांनी स्वतः काही अपेक्षाच केलेली नसते. म्हणून हा आलेख समोर काढण्याजोगा आहे. मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती फाइली आल्या आणि किती थांबल्या, हा तक्ता मात्र स्लाइडवरच राहील. सूत्रही समोर लिहू नका. ते एका लपवलेल्या स्लाइडवर ठेवा आणि कोणी विचारलं तरच उघडा.

आता कागदाची तयारी. फ्लिप चार्टचा ए१ कागद सुमारे ५९ सेंटीमीटर रुंद आणि ८४ सेंटीमीटर उंच असतो. खालचे २५ सेंटीमीटर सोडून द्या, पुढे बसलेल्यांच्या डोक्यांमुळे मागच्यांना तो भाग दिसत नाही. आडवा अक्ष तिथे आखा. डावीकडे ७ सेंटीमीटर सोडून तो ५० सेंटीमीटर लांब घ्या, म्हणजे १० टक्क्यांना ५ सेंटीमीटर पडतात. उभ्या अक्षावर १० मिनिटांना २ सेंटीमीटर धरा. मग ५० टक्क्यांचा बिंदू अक्षापासून २ सेंटीमीटर उंचीवर येतो, ८० टक्क्यांचा ८ वर, ९० टक्क्यांचा १८ वर आणि ९५ टक्क्यांचा ३८ वर. वर शीर्षकाला पुरेशी जागा उरते.

दोन्ही अक्ष काळ्या मार्करने आधीच काढून ठेवा. आडव्या अक्षाखाली ५०, ८० आणि १०० एवढेच आकडे लिहा. उभ्या अक्षावर एकही आकडा नको, नाहीतर १९० पर्यंतची पट्टी पाहून लोक उत्तर ओळखतात. चारही बिंदू आणि त्यांना जोडणारा वक्र पेन्सिलीने अगदी फिकट काढा. दोन मीटरवरून ती रेघ कोणाला दिसत नाही, तुम्हाला मात्र हातभर अंतरावरून नीट दिसते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत आकडेही पेन्सिलीने लिहून ठेवता येतात.

पेन्सिलीचा वक्र ही लबाडी वाटत असेल तर एकदा तो न काढता करून पाहा. हाताला सारखं वळण घ्यायची सवय असते, त्यामुळे हा वक्र बहुतेक वेळा वर्तुळाच्या पाव भागासारखा गोलसर येतो. खरा वक्र तसा नाही. तो ८० टक्क्यांपर्यंत जवळजवळ आडवा रेंगाळतो आणि मग एकदम उभा चढतो. गोलसर वक्र काढलात तर तुमचा मुद्दाच पुसला गेला. चित्र "वेडंवाकडं" येण्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे तिच्यात खरं घाबरण्यासारखं इतकंच आहे: रेघ थरथरली तरी चालते, आकार चुकला तर नाही.

सादर करताना क्रम असा ठेवा. आधी स्लाइडवर आजची स्थिती: ८० टक्के व्यस्तता, रोज किती फाइली येतात. मग पडदा काळा करा आणि कागदावरचं कोरं पान उलटा. आडव्या अक्षावर हात ठेवून सांगा, "तपासणारा किती टक्के वेळ कामात आहे." उभ्या अक्षावर हात ठेवून, "फाइल किती मिनिटं थांबते." निळ्या मार्करने ५० टक्क्यांचा बिंदू ठेवा आणि शेजारी "१०" लिहा. बाजूला सरा आणि विचारा, "८० टक्क्यांना किती होईल?"

इथे घाई करू नका. साधारणपणे १६ किंवा २० ही उत्तरं येतात, कारण लोक सरळ रेषेत विचार करतात. दोन-तीन अंदाज येऊ द्या आणि त्या उंचीवर हिरव्या रंगाने छोट्या फुल्या मारा. अंदाज सांगणाऱ्याचं नाव लिहू नका, तो अंदाज चुकणार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मग निळा बिंदू ४० वर ठेवा. ९० टक्क्यांसाठी पुन्हा विचारा. आता लोक सावध झालेले असतात, तरी ९० मिनिटं सहसा कोणी म्हणत नाही. तो बिंदू ठेवा. ९५ साठी विचारू नका, नुसता बिंदू ठेवा. हात कागदावर बराच वर जातो आणि लोकांना ते पुरतं. मग डावीकडून उजवीकडे एका दमात वक्र जोडा, तोंडाने काही न बोलता.

लिहिताना ९० आणि ९५ टक्क्यांचे बिंदू आडवे केवळ अडीच सेंटीमीटर अंतरावर येतात, तेव्हा आकडे बिंदूंच्या उजवीकडे लिहिलेत तर ते एकमेकांत घुसतात आणि कागदाची कडही आड येते. आकडे नेहमी बिंदूच्या डावीकडे लिहा. वक्र खालून येत असल्यामुळे ती बाजू मोकळी असते.

आता शेवटची रेघ. लाल मार्कर हातात घेऊन विचारा, "आपण कुठे थांबायचं?" कोणी म्हणालं ८५ टक्के, तर त्या जागी उभी तुटक रेघ मारा आणि तिथे थांबणं सुमारे ५७ मिनिटं होतं हे सांगा. (८०, ८५ आणि ९० तिन्हींचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले असू द्या, उभ्या-उभ्या गणित करत बसू नका.) ही लाल रेघ बैठकीत ठरते, म्हणून ती स्लाइडवर असूच शकत नाही. हे सगळं चार-पाच मिनिटांत होतं. त्यानंतर पडदा पुन्हा चालू करून बारा महिन्यांचा तक्ता दाखवा. आलेख शेजारी उभा असतोच. तक्त्यातला वाईट महिना दाखवायचा आणि तो वक्रावर कुठे बसतो ते बोटाने दाखवायचं, पडदा मागे-पुढे करण्याची गरज पडत नाही.

हा नमुना एकच तपासणारा आणि अनियमित येणारं काम धरून आहे हे एका वाक्यात सांगून टाका. दोन तपासणारे असतील तर वक्र उशिरा चढतो, पण शेवटी चढतोच. कोणीतरी हे विचारणारच असतं आणि आधी सांगितलेलं बरं दिसतं.

पाठ, उजेड आणि पडदा

पाठ फिरते ती बहुतेक उभं राहण्याच्या चुकीच्या जागेमुळे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने, श्रोत्यांच्या बाजूने पाहता, चार्टच्या डाव्या कडेला उभं राहावं. म्हणजे उजवा हात कागदावर पोहोचतो, अंग कागदासमोर येत नाही आणि मान थोडी वळवली की लोक दिसतात. त्यासाठी पडद्याच्या उजवीकडे (पुन्हा श्रोत्यांच्या बाजूने) चार्ट ठेवला की तुम्ही आपोआप पडदा आणि चार्ट यांच्या मधे येता. डावरे असाल तर सगळं उलटं करा. चार्टचा स्टँड लोकांकडे थोडा तिरका असू द्या.

कागदाकडे तोंड करून बोलू नका. वाक्य आधी बोला, मग वळून काढा, मग पुन्हा वळून पुढचं बोला. काढताना गप्प राहणं तुम्हाला फार लांब वाटतं, पाहणाऱ्यांना नाही, कारण त्यांचे डोळे मार्करच्या टोकावर असतात. पण एका वेळची शांतता दहा-पंधरा सेकंदांच्या पुढे नेऊ नका. तेवढ्यात होत नसेल तर रेघ दोन भागांत काढा.

पडदा चालू ठेवून बोर्डावर काढणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. उजळलेला मोठा पडदा नजर ओढतोच. लोक तुमची रेघ पाहण्याऐवजी स्लाइडवरचं तिसरं वाक्य वाचतात. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना B दाबलं की पडदा काळा होतो, W दाबलं की पांढरा. पुन्हा तीच की दाबली की स्लाइड परत येते. तरी त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे त्या जागी सादरीकरणातच एक काळी, कोरी स्लाइड घालून ठेवणं. रिमोटचं पुढचं बटण दाबलं की पडदा आपोआप काळा होतो, लॅपटॉपपर्यंत जावं लागत नाही, आणि आता बोर्डाकडे वळायचं आहे याची आठवणही होते. त्याच स्लाइडच्या टिपांमध्ये आकडे लिहून ठेवता येतात.

उजेडाचं गणित आधी खोलीत जाऊन सोडवा. पडद्यासाठी पुढचे दिवे बंद केले की चार्टही अंधारात जातो. दिव्यांच्या ओळी वेगळ्या असतील तर पडद्यावरची ओळ बंद आणि चार्टवरची चालू ठेवा. एकच बटण असेल तर दिवे चालूच ठेवा आणि स्लाइड्स पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरांच्या करा. काळ्या पार्श्वभूमीच्या स्लाइड्स उजेडात धुऊन निघतात.

व्हाइटबोर्ड हाच पडदा असेल तर? प्रोजेक्टरचा झोत चकचकीत बोर्डावर पडून मधे एक पांढरा ठिपका चमकतो आणि काही जागांवरून तिथलं काहीच वाचता येत नाही. शिवाय स्लाइडवर मार्करने काढलेली रेघ स्लाइड बदलली तरी बोर्डावर तशीच राहते आणि पुढच्या स्लाइडवर अर्थहीन तरंगते. अशा खोलीत चित्रासाठी फ्लिप चार्टच वापरा.

व्हाइटबोर्ड मोकळा असेल तर दोन्हींत निवड सोपी आहे. जे पुसलं जाणार, बदलणार, हलवलं जाणार ते व्हाइटबोर्डावर. जे शेवटपर्यंत राहायला हवं ते कागदावर. वरच्या उदाहरणात कागदच योग्य, कारण चुकलेले अंदाजही दिसत राहायला हवेत. बोर्डावर कोणीतरी ते पुसून टाकतंच.

मार्कर आणि अक्षरं

कागदासाठी पाण्यावर आधारलेले, तिरप्या टोकाचे मार्कर घ्या. परमनंट मार्करची शाई मागच्या पानावर उतरते. कोणतेही असले तरी दोन वापरलेल्या पानांमध्ये एक कोरं पान सोडा, नाहीतर खालचं चित्र वरून पुसटसं दिसतं. व्हाइटबोर्डचा मार्कर कागदावर फिकट उमटतो आणि त्याचं टोकही लवकर खराब होतं. उलट, व्हाइटबोर्डवर चुकून परमनंट मार्कर चालला तर घाबरू नका. त्याच रेघेवर व्हाइटबोर्डच्या मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा, त्यातल्या द्रावकाने जुनी शाई सुटते. नाही निघालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा.

रंगांत काळा आणि गडद निळा लांबून वाचता येतो. पिवळा, नारिंगी आणि फिकट हिरवा अक्षरांसाठी वापरू नका. लाल आणि हिरवा यांतला फरक काहींना दिसत नाही, म्हणून वर अंदाजांसाठी हिरवी फुली आणि मर्यादेसाठी लाल तुटक रेघ असे आकारही वेगळे ठेवले आहेत. रंग ओळखला नाही तरी अर्थ लागतो.

अक्षरांची उंची दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटीमीटर धरा. सहा मीटरवर शेवटची रांग असेल तर पाच सेंटीमीटर. मात्रा, वेलांट्या आणि उकार धरले की एका ओळीला जवळजवळ दुप्पट उंची लागते, म्हणजे पूर्ण मजकुराच्या पानावरही सहा-सात ओळींच्या वर काही बसत नाही. घाईत शिरोरेघ गाळणाऱ्यांनी जपून राहावं, कारण भ आणि म, घ आणि ध यांची ओळख शिरोरेघेच्या तुटीवरच ठरते. जाड टोकाने लहान लिहिलं तर ष आणि श्र यांचे गोळे होतात. आलेखावर एक-दोन शब्दांची नावं आणि आकडे इतकंच लिहा, वाक्य लिहायची वेळ आली तर ते स्लाइडवर असायला हवं होतं.

शेवटची रांग नऊ-दहा मीटरच्या पुढे असेल तर फ्लिप चार्टचा नाद सोडा. तिथे टॅबलेटवर काढून पडद्यावर दाखवा, किंवा कागदावर वरून धरलेल्या कॅमेऱ्याने. लिहिणारा हात दिसतो म्हणून मी कॅमेऱ्याला झुकतं माप देईन. ऑनलाइन जोडलेली माणसं असतील तर लॅपटॉपचा कॅमेरा तिरपा करून चार्ट दाखवण्याने भागत नाही. फोन स्टँडवर लावून, चार्टसमोर सरळ ठेवून तो बैठकीत वेगळा सहभागी म्हणून जोडा आणि आदल्या दिवशी तिकडून एकाला अक्षरं वाचून दाखवायला सांगा.

बैठक संपल्यावर लाल रेघेसकट कागदाचा फोटो काढा आणि फाइल पाठवण्याआधी काळ्या स्लाइडच्या जागी तो टाका. नाहीतर ज्यांना नुसती फाइल मिळते त्यांना मधे एक काळं पान दिसतं आणि त्यानंतरचा तक्ता कशाबद्दल आहे हे त्यांना कळत नाही. आलेखाची नीट केलेली प्रतही एका लपवलेल्या स्लाइडवर असू द्या. मार्कर सुकला, स्टँड डुगडुगला किंवा तुमची वीस मिनिटं ऐन वेळी आठ झाली, तर तीच स्लाइड उघडून बोलता येतं. अंदाज विचारणं तेव्हाही शक्य आहे: प्रश्न आधी विचारा, स्लाइड नंतर उघडा.